पासबुकातले २३६ रुपये

पासबुकात वर्षातून एकदा २३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ते बहुधा डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क असते: २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६. कार्ड वापरले नाही तरी ते कापले जाते. कार्ड नुसते ब्लॉक करून भागत नाही. कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज शाखेत देऊन पोच घ्यावी. एसएमएस मात्र बंद करू नयेत, फसवणूक त्यांच्यामुळेच लगेच कळते. त्यांचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार असावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितले आहे. त्यामुळे सरसकट आकारणी दिसल्यास हिशेब मागावा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येते.