उशिराचा निरोप, दोन भाषांत

घाण्याचं तेल घरपोच देणारं एक छोटं दुकान आहे, असं समजा. मालकीण तरुण आहे. तिचे निम्मे ग्राहक इंग्रजीत व्यवहार करतात, निम्मे मराठीत. एका रविवारी घाणा बिघडतो आणि उद्या जायची ऑर्डर रखडते. ग्राहकांना एसएमएस पाठवायचा आहे. इंग्रजीतला मजकूर तिला पटकन सुचतो: ‘हाय सुनीता, युअर ऑर्डर इज रनिंग अ लिटल लेट. इट विल बी विथ यू बाय ट्यूसडे. सॉरी फॉर द वेट!’ छान आहे. मोकळा आहे, हसतमुख आहे. मग तोच मजकूर कुणीतरी मराठीत करून देतं:

‘प्रिय सुनीता, आपली ऑर्डर थोडी उशिरा धावत आहे. ती मंगळवारपर्यंत आपल्याला पोहोचवली जाईल. प्रतीक्षेसाठी क्षमस्व!’

इंग्रजी वाचणाऱ्या सुनीताला ओळखीचं दुकान भेटतं आणि मराठी वाचणाऱ्या सुनीताला एखादं सरकारी कार्यालय. एकाच दुकानाचे दोन स्वभाव झाले. ब्रँडचा आवाज म्हणतात तो नेमका इथे तुटतो, आणि याला कारण अनुवादकाचं मराठी कच्चं असणं नव्हे. कारण असं की प्रत्येक भाषेत आपुलकी वेगळ्या जागी राहते.

इंग्रजी निरोपात ती पहिल्या नावात आहे, ‘हाय’मध्ये आहे, उद्गारचिन्हात आहे. मराठीत साठीच्या बाईंना अनोळखी दुकानाने नुसतं ‘सुनीता’ म्हणणं जवळिकीचं वाटत नाही, आगाऊपणाचं वाटतं. ‘सुनीताताई’ म्हणावं तर समोरची व्यक्ती कोण, किती वयाची, हे माहीत हवं, आणि यादीत फक्त नाव आणि मोबाइल नंबर असतो. माझं मत स्पष्ट आहे: मराठी निरोपातून नाव सरळ काढून टाकावं. ओळख तशीही वर पाठवणाऱ्याच्या नावात दिसते. मराठीतला जिव्हाळा क्रियापदातून आणि बोलीच्या वळणातून येतो. ‘पोहोचवली जाईल’ म्हटलं की काम करणारा माणूस गायब होतो. ‘येईल’ म्हटलं की तो परत येतो. ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ बरं, तेही फक्त मोकळेपणासाठी नाही. ‘आपण’मध्ये कधी समोरचा माणूस असतो, कधी आपण दोघं असतो. ‘आपण मंगळवारी बघू’ या वाक्यात बघणार कोण, हे दुकानाने ग्राहकावर सोडू नये.

म्हणून मराठी मजकूर इंग्रजीवरून करायचा नाही. दोन्ही मजकूर एकाच टिपणावरून करायचे. टिपण अगदी साधं असतं: काय झालं, माल कधी येणार, चूक कुणाची, ग्राहकाने काही करायचंय का, आणि दुकानाला या क्षणी कसं वाटतंय. आपल्या प्रसंगात उत्तरं अशी: ऑर्डर उद्या येत नाही, मंगळवारी संध्याकाळी येईल, चूक आमची, तुम्ही काही करायचं नाही, आम्हाला वाईट वाटतंय. यावरून बोलत बोलत मराठी वाक्य आलं:

‘तुमची ऑर्डर उद्या नाही, मंगळवारी संध्याकाळी येईल. उशिराबद्दल माफ करा.’

इथे एक गोष्ट लक्षात येते. इंग्रजीतल्या ‘थोडा उशीर’ला जागा उरली नाही, आणि ती नकोच होती. ‘थोडा’ हा शब्द ग्राहकाने ठरवायचा असतो. त्याऐवजी दिवस आणि वेळ सांगितली की निरोप जास्त माणसाळतो. मग इंग्रजी मजकूरही परत हातात घ्यावा आणि ‘लिटल लेट’ काढून मंगळवारची संध्याकाळ घालावी. एका भाषेतलं लिखाण दुसरीतलं सुधारतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

आता लांबीचा प्रश्न. रोमन लिपीतल्या एसएमएसला एका भागात १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला फक्त ७०. मजकूर त्याहून लांबला की तो ६७-६७ च्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे पडतात. शिवाय इथे ‘अक्षर’ म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, मोकळी जागा, सगळं एकेक मोजलं जातं. ‘ऑर्डर’ पाच, ‘संध्याकाळी’ दहा. आपला नवा निरोप ६९ वर बसतो. पहिला अनुवादित मजकूर शंभराच्या वर जातो, म्हणजे तो रुक्ष होता आणि महागही. जागा वाचवायला मराठी रोमन लिपीत लिहिण्याची युक्ती पुष्कळ जण सुचवतात. मी ती कधीच सुचवणार नाही. ज्यांच्यासाठी मराठी निरोप लिहायचा, त्यांतल्या अनेकांना तीच लिपी वाचायला अवघड जाते.

खरी कसोटी पुढे आहे. भारतात ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो. बदलणारी जागा रिकामी दाखवायची, बाकीचा मजकूर पक्का. इंग्रजीला हे सोयीचं, कारण रिकाम्या जागेत काहीही बसवलं तरी शेजारचे शब्द सहसा हलत नाहीत. मराठीत सगळं घर हलतं. रिकाम्या जागेत मालाचं नाव घातलं तर तेल ‘तुमचं’, गूळ ‘तुमचा’, चटणी ‘तुमची’, आणि शेंगदाणे ‘येतील’. म्हणून साच्यात मालाचं नाव न घालता ‘ऑर्डर’ ठेवली. ती कायम स्त्रीलिंगी आणि एकवचनी असल्यामुळे पक्क्या मजकुरात ‘तुमची’ आणि ‘येईल’ निर्धास्त लिहिता येतात.

दिवसाचंही असंच. यंत्र यादीतून ‘मंगळवार’ उचलतं आणि साचा त्याला प्रत्यय चिकटवायला जातो, मग ‘मंगळवार ला’ असं तुटकं काहीतरी घरोघरी पोहोचतं. उपाय असा की यादीतच रूप तयार ठेवायचं: सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. साचा मग असा होतो:

```
तुमची ऑर्डर उद्या नाही, ____ संध्याकाळी येईल. उशिराबद्दल माफ करा.
```

सातही वार घालून बघावे लागतात. सगळ्यांत लांब ‘शुक्रवारी’, नऊ. तो घातला की मजकूर नेमका ७० वर येतो आणि एका भागात बसतो. याच्या पुढे एक उद्गारचिन्हही वाढवायला जागा नाही. शहराची नावं घालायची तर काम वाढतं, कारण पुण्याला, नाशिकला, साताऱ्याला, प्रत्येक गावाचं रूप वेगळं. तेव्हा गावाचं नाव टाळता येत असेल तर टाळावं.

नोंदणीआधी एक तपासणी करावी. इंग्रजी मजकूर न पाहिलेल्या माणसाला मराठी निरोप फोनवर पाठवायचा आणि विचारायचं: माल कधी येणार, तुम्ही काय करायचं, दुकानदार कसा वाटला? इंग्रजी वाचणाऱ्याला हेच विचारायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जुळली नाहीत तर मजकुरात चूक आहे. तिसऱ्याचं जुळलं नाही तर आवाज वेगळा पडलाय, आणि तो शब्द बदलून सहसा जुळत नाही. वाक्य नव्याने म्हणून बघावं लागतं.

हा मोकळा सूर सगळीकडे चालत नाही. पैसे कापले गेले आणि ऑर्डर झालीच नाही, अशा वेळी दोन्ही भाषांत पहिलं वाक्य पैशांचंच हवं: ‘ऑर्डर झाली नाही. तुमचे पैसे परत येतील.’ किती दिवसांत, ते लगेच पुढे. माफी त्यानंतर, आणि हसरं चिन्ह एकाही भाषेत नाही. घाबरलेल्या माणसाला मराठीत ‘काळजी करू नका’ म्हणायचा मोह फार होतो, पण दिवस सांगितला नसेल तर त्या वाक्यानेच काळजी वाढते.