कान निर्दोष, दुखणं मात्र खरं

कान दुखतो म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर कानात बघतात. पडदा करडा, चकचकीत असतो, त्याच्या खालच्या भागात प्रकाशाचा तिकोनी कवडसा नेमका पडलेला दिसतो. सूज नाही, पू नाही, ऐकूही व्यवस्थित येतं. "कानात काही नाही," असं सांगून थेंब आणि वेदनाशामक गोळी लिहून दिली जाते आणि रुग्ण घरी जातो. कान-नाक-घसा विभागात बसणाऱ्या आम्हा डॉक्टरांना हे वाक्य फार जपून वापरावं लागतं, कारण ते तपासणीचा निम्माच भाग सांगतं. प्रौढ माणसाचा कान दुखतोय आणि कान खरोखर निर्दोष आहे, याचा अर्थ दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे आणि ते शोधायचं अजून बाकी आहे.

हे असं का होतं, ते कानाला संवेदना पुरवणाऱ्या नसांवरून कळतं. कान एवढासा अवयव, पण त्याच्या वाट्याला मेंदूतून निघणाऱ्या चार नसांच्या शाखा येतात आणि मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या दोन मज्जातंतूंच्याही. यातली एकही नस फक्त कानासाठी नाही. खालचा जबडा, खालचे दात आणि जबड्याचा सांधा यांची जी नस आहे, तिचीच फांदी कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीला जाते. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ यांची संवेदना वाहणाऱ्या नसेची एक बारीक शाखा पडद्यामागच्या पोकळीत शिरते. याकोबसन या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाचं नाव तिला आहे. स्वरयंत्र आणि त्याभोवतीचा घसा सांभाळणारी व्हेगस नस आपली एक फांदी कानाच्या नळीत पाठवते, तिला जर्मन शरीररचनातज्ज्ञ आर्नोल्ड यांचं नाव आहे.

आर्नोल्डच्या या फांदीचा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. कान साफ करताना काही जणांना अचानक कोरडा खोकला येतो. स्पर्श होतो कानाला आणि उबळ येते घशातून. दुखणं नेमकं याच्या उलट दिशेने जातं. घशातून, दाताकडून आणि कानाकडून येणारे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी गोळा होतात. एकाच घंटीला दोन दारांची बटणं जोडलेली असावीत, तसं होतं: घंटी वाजते, पण कोणत्या दारावर कोण उभं आहे ते आतल्या माणसाला कळत नाही. मेंदू सवयीने कानाचं नाव घेतो. म्हणून रुग्ण खोटं बोलत नसतो, त्याला वेदना खरोखर कानातच जाणवते.

टॉन्सिलचं ऑपरेशन झालेली मुलं पाच-सहा दिवसांनी कान धरून रडू लागतात आणि आई-वडील घाबरतात. घशातली जखम भरत असते आणि वेदना कानात उमटत असते. ते सहसा काही दिवसांत थांबतं. प्रौढांमध्ये मात्र अशाच वाटेने येणारं दुखणं आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तेव्हा शोध घ्यावाच लागतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सत्तावन्न वर्षांचे, द्राक्षबाग असलेले एक गृहस्थ. तीस वर्षं तंबाखू-चुन्याची सवय, अधूनमधून बिडी. उजवा कान अडीच महिने दुखत होता. आधी घरी लसणाची पाकळी कढवलेलं तेल कानात घातलं. मग थेंब, मग गोळ्यांचा कोर्स, मग एकाने कानातला मळ काढून दिला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पुढे त्याच बाजूची खालची एक किडलेली दाढ सापडली आणि ती काढून टाकली. दुखणं तसंच राहिलं.

किडलेली दाढ हे कान दुखण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, त्यामुळे ती शोधली यात चूक काही नव्हती. पण सापडलेला दोष म्हणजेच दुखण्याचं कारण, असं गृहीत धरता येत नाही. दाताच्या बाबतीत याची एक साधी परीक्षा असते. दंतवैद्य त्या बाजूच्या खालच्या जबड्याला भूल देतात. भूल चढल्यावर कानातली कळ थांबली, तर वेदना दाताकडून किंवा जबड्याकडून येते आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. कळ तशीच राहिली, तर घाईने दाढ काढण्याआधी आणखी पुढे बघावं लागतं. वेदनाशामक गोळीने बरं वाटणं मात्र कशाचाच पुरावा नसतो, ती कुठलंही दुखणं दाबते.

हे गृहस्थ आले तेव्हा मी आधी कानच तपासला. तेलामुळे नळीत थोडी बुरशी झाली होती, ती साफ केली. पावसाळी हवेत तेलाच्या ओलाव्याने अशी बुरशी सहज धरते, आणि मग तीच दुखण्याचं कारण समजून मूळ दुखणं मागे पडतं. साफ केल्यावर पडदा चांगला दिसला. मग कानाची पाळी ओढली, कानाच्या तोंडाशी असलेला कूर्चेचा छोटा उंचवटा दाबला. दुखलं नाही. बाहेरच्या कानाला सूज असती तर या दाबाने ते ओरडले असते. श्रवणाची चाचणीही चांगली आली.

मग विचारलं, "गिळताना काय होतं?" ते म्हणाले, "घास गिळला की कानात सुरी गेल्यासारखं होतं. आणि इथे उजवीकडे काटा अडकल्यासारखा वाटतो." अडीच महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, आणि आपणहून सांगायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. कान दुखतोय तर घशाबद्दल कशाला बोलायचं?

तोंड उघडून टॉर्चने बघितलं तेव्हा सगळं ठीक दिसलं. इथेच फसगत होते. टॉर्चने घशाचा मागचा पडदा आणि टॉन्सिल दिसतात. जिभेचं मूळ नीट दिसत नाही आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना असलेले खोलगट कप्पे तर दिसतच नाहीत. त्या कप्प्यांना पायरिफॉर्म फोसा म्हणतात. गिळलेला घास या कप्प्यांतून अन्ननलिकेत उतरतो आणि त्यांची संवेदना व्हेगस नसेकडे असते. म्हणून बोट घालून जिभेचं मूळ चाचपलं, मानेवरून हात फिरवला. उजवीकडे जबड्याखाली मानेत सुपारीएवढी घट्ट गाठ लागली, दाबली तरी न दुखणारी. नाकातून पातळ, लवचिक दुर्बीण आत नेली. नाकात भुलीचा फवारा मारून ही तपासणी ओपीडीतच, पाच-दहा मिनिटांत होते. उजव्या पायरिफॉर्म फोसात खरखरीत, जखमेसारखी वाढ होती. तुकडा तपासला, कर्करोग निघाला.

हा भाग इतका दडलेला आहे की इथली गाठ लहान असताना गिळण्याला अडथळा करत नाही आणि आवाजही बदलत नाही. कान दुखणं किंवा मानेतली गाठ हेच पुष्कळदा पहिलं लक्षण असतं. तंबाखू, बिडी-सिगारेट आणि दारू यांचा इतिहास असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा एकाच बाजूचा कान तीन आठवड्यांहून जास्त दुखतोय आणि कान निर्दोष आहे, तर दुर्बिणीने घसा बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायकांना तंबाखूबद्दल विचारलंच जात नाही, कारण मिश्रीला कुणी तंबाखू समजत नाही. ती तंबाखूच भाजून केलेली पूड असते. विचारताना "तंबाखू खाता का?" असं न विचारता "दात कशाने घासता?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

अर्थात निर्दोष कान दुखण्यामागे बहुतेक वेळा असं गंभीर काही नसतं. तरुण माणसांत सगळ्यात जास्त भेटतो तो जबड्याचा सांधा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, तो सांधा हलताना जाणवतो. झोपेत दात खाणाऱ्यांत, परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणात दात आवळून बसणाऱ्यांत या सांध्यावर आणि त्याच्या स्नायूंवर ताण येतो. अशा माणसाचं दुखणं बोथट असतं, सकाळी उठल्यावर जास्त, भाकरीचा कडक पापुद्रा किंवा ऊस चावताना वाढणारं. सांधा दाबला की ते म्हणतात, "हेच, हेच दुखतं." तोंड उघडताना टक् असा आवाजही येतो, पण नुसता आवाज, दुखणं नसताना, काळजीचा नसतो. काही आठवडे मऊ अन्न, गरम शेक, चघळणं बंद, मोठी जांभई येताना हनुवटीखाली हाताचा आधार, आणि रात्री दातांवर चढवायची पट्टी एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. ऑपरेशनची वेळ क्वचित येते.

तोंड किती उघडतं तेही मी नेहमी मोजतो. स्वतःची तीन बोटं उभी दातांच्या मध्ये गेली तर ठीक. दोनच जात असतील तर सांधा आखडला असेल, अक्कलदाढेभोवती सूज असेल, किंवा सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा पांढरी, चामड्यासारखी ताठ झाली असेल. या तिसऱ्या आजाराचा पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून "जबडा धरलाय" असं म्हणून शेक देत बसण्याआधी गाल आतून बघायलाच हवा.

शोध घेण्यातही एक अट आहे. कान निर्दोष आहे हे आधी नीट ठरलेलं हवं. मळाने नळी भरलेली असताना "कानात काही नाही" म्हणता येत नाही. आणि कानाभोवती नागीण उठण्याआधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं, तेव्हा त्वचेवर काहीच दिसत नाही. म्हणून नव्या दुखण्यात काही दिवसांनी पुन्हा तपासणं हाही तपासणीचाच भाग असतो.

त्या गृहस्थांना सात आठवडे किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी देण्यात आली. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा कान आधीपेक्षा जास्त दुखू लागला आणि ते हादरले. किरणांनी घशाची आतली त्वचा सोलवटल्यासारखी होते आणि ती वेदनाही त्याच वाटेने कानात येते, हे त्यांना समजावलं. उपचार संपल्यावर ती हळूहळू ओसरली. आता ते ठरल्या वेळी दाखवायला येतात. दर वेळी मी गिळण्याबद्दल विचारतो, मान चाचपतो आणि उजव्या कानाबद्दल विचारतो. तो पुन्हा दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, हे त्यांच्या मुलालाही सांगून ठेवलं आहे.