तांबडा नेहमी वरच का?

मुलांनो, ‘तानापिहिनिपाजा’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पण इंद्रधनुष्यात तांबडा कायम वर आणि जांभळा कायम खाली का असतो, हे आज समजून घेऊ.

समोर पाऊस आणि पाठीशी सूर्य असला, की सूर्यकिरण आपल्या डोक्यावरून पुढे जाऊन थेंबांत शिरतात. पाण्यात शिरताना किरण वाकतो. त्यातला थोडा प्रकाश थेंबाच्या मागच्या भिंतीवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. जांभळा रंग जास्त वाकतो, तांबडा कमी, म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. थेंबातून प्रकाश अनेक कोनांत बाहेर येतो, पण एका ठरावीक कोनाजवळ किरणांची दाटी होते. फ्रान्सच्या रने देकार्तने 1637 मध्ये एकेक किरणाची वाट आकडेमोड करून हे दाखवलं. आल्या दिशेशी हा कोन तांबड्यासाठी सुमारे 42 अंश असतो, जांभळ्यासाठी 40 च्या आसपास.

आता खरी गंमत. एकाच थेंबातून निघालेले रंग पाहिले, तर तांबडा किरण जास्त तिरका, जमिनीकडे झुकलेला असतो आणि जांभळा त्याच्या वर असतो. मग आकाशात उलटं कसं दिसतं? कारण एका थेंबाचे सगळे रंग तुमच्या डोळ्यात येतच नाहीत. उंचावरच्या थेंबाचा तांबडा किरण तुमच्या डोळ्यात शिरतो, त्याचा जांभळा डोक्यावरून निघून जातो. खालच्या थेंबाचा जांभळा डोळ्यापर्यंत पोहोचतो, तर तांबडा पायाशी पडतो. थेंब खाली कोसळतच असतात, पण त्यांची जागा नवे थेंब घेतात आणि कोन तेच राहतात. म्हणून क्रमही तोच.

हेच कोन इंद्रधनुष्याची वेळही ठरवतात. सूर्य 42 अंशांच्या वर असला, तर कमान क्षितिजाखाली जाते. जुलैच्या मध्यावर पुण्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य त्या उंचीखाली उतरतो. पावणेसहाच्या आसपास तो 20 अंशांवर येतो, तेव्हा कमानीचा माथा पूर्वेला 22 अंशांवर दिसू शकतो. भर दुपारी मैदानात उभं राहून कितीही शोधलं, तरी ती सापडणार नाही.

कधी वर दुसरी, फिकी कमान दिसते. तिथे प्रकाश थेंबात दोनदा परततो, त्यामुळे कोन 51 अंशांच्या आसपास जातो आणि रंग उलटतात. त्या कमानीत तांबडा आतल्या बाजूला असतो आणि जांभळा बाहेरच्या.