टाइप केलेलं अक्षर दाखवतं कोण?

लिनक्सवर टर्मिनलची खिडकी उघडा, `cat` लिहून एंटर दाबा आणि मग `pune` टाइप करा. अक्षरं लगेच दिसतात, चुकलेलं खोडताही येतं. पुन्हा एंटर दाबलं की `pune` दुसऱ्यांदा उमटतं. हे दुसरं `cat`नं छापलं. पहिलं कोणी?

खिडकीनं नाही. टर्मिनल फक्त कळा पुढे पोचवतं आणि परत आलेली अक्षरं रंगवतं. शेलनंही नाही. बॅशसारख्या शेलनं तुमची आज्ञा वाचली, `cat` सुरू केलं आणि आता तो ते संपायची वाट पाहतोय. पहिलं `pune` दाखवलं कर्नलमधल्या टीटीवायनं. एंटर दाबेपर्यंत ओळ तोच धरून ठेवतो, म्हणून खोडलेली अक्षरं `cat`ला कळतही नाहीत. `Ctrl-C` दाबल्यावर चालू प्रोग्रामला थांबण्याचा संकेतही तोच धाडतो.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये टीटीवायपलीकडे तारेनं जोडलेलं खरं टेलिटाइप यंत्र असे. आज ती तार नसल्यानं कर्नल दोन टोकांची जोडी बनवतं. एक टोक खिडकीकडे, दुसरं शेल आणि `cat`कडे. हेच स्यूडो-टर्मिनल. आपल्याकडचं टोक कोणतं, हे विचारता येतं:

```
$ tty
/dev/pts/0
```

एखादा प्रोग्राम अक्षरं दाखवणं बंद करून मध्येच कोसळला, तर ते बंदच राहू शकतं. टाइप केलेलं दिसत नाही, पण आज्ञा चालतात. अशा वेळी खिडकी बंद करू नका. न दिसताच `stty sane` लिहून एंटर दाबा.