घड्याळ, किलोमीटर आणि चाल : गोखिवऱ्याहून चर्चगेटपर्यंतचा हिशोब

गोखिवऱ्यात राहणाऱ्या एका नोकरदार बाईंना वसई रोड स्टेशनवरून सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांची लोकल पकडायची आहे, असे समजा. घरापासून स्टेशन ३ किलोमीटर आहे. शेअर रिक्षा वळणे, नाके आणि खड्डे धरून ताशी १५ किलोमीटरने जाते. मग रिक्षात किती वाजता बसायचे?

या प्रश्नात तीन गोष्टी आहेत : अंतर, वेळ आणि चाल. दोन माहीत असल्या की तिसरी काढता येते. (रोजच्या बोलण्यात हिला ‘वेग’ म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘वेग’ म्हणजे दिशेसह सांगितलेली चाल. इथे दिशेचा संबंध नाही, म्हणून ‘चाल’ हाच शब्द वापरला आहे.)

चाल म्हणजे एका तासात, किंवा एका सेकंदात, किती अंतर कापले जाते ते. ताशी १५ किलोमीटर म्हणजे एका तासात १५ किलोमीटर. मग ३ किलोमीटरला तासाचा पाचवा हिस्सा लागेल, म्हणजे १२ मिनिटे. हेच सूत्रात लिहिले तर :

वेळ = अंतर ÷ चाल = ३ ÷ १५ = ०.२ तास

पहिली चूक इथेच होते. ०.२ तास म्हणजे २० मिनिटे नव्हेत आणि २ मिनिटेही नव्हेत. तासाचे ६० भाग असतात, शंभर नाही. म्हणून ०.२ ला ६० ने गुणायचे, म्हणजे १२ मिनिटे मिळतात. रिक्षात साडेसातला बसले तर बाई बरोबर ७.४२ ला स्टेशनबाहेर पोहोचतील आणि लोकल चुकेल, कारण जिना चढून फलाटावर जाण्याची वेळ सूत्रात धरलेलीच नाही. सूत्र फक्त विचारलेल्या अंतराचे उत्तर देते.

हीच गडबड उलट दिशेनेही होते. वसई रोड ते चर्चगेट हे रेल्वेचे अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. समजा लोकलला १ तास १८ मिनिटे लागली. घाईत बरेच जण कॅल्क्युलेटरवर ५२ ÷ १.१८ करतात आणि उत्तर येते ताशी ४४ किलोमीटर. पण १८ मिनिटे म्हणजे १८ ÷ ६० = ०.३ तास. खरा भागाकार ५२ ÷ १.३, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. घड्याळातला ‘१.१८’ आणि गणितातला ‘१.१८’ दिसतात सारखे, पण ते एक नाहीत. तास-मिनिटे भागाकारात घालण्याआधी ती पूर्ण तासांत किंवा पूर्ण मिनिटांत बदलून घ्यावी लागतात.

हे ताशी ४० म्हणजे गाडी सतत ४० ने धावली असे नाही. ती स्टेशनांवर थांबली, मध्येच सिग्नलला रेंगाळली आणि मोकळ्या मार्गावर बरीच जोरात धावली. एकूण अंतराला एकूण वेळेने भागल्यावर मिळते ती सरासरी चाल.

सरासरीचा एक सापळा संध्याकाळी भेटतो. सकाळी रिक्षा ताशी १५ ने गेली, परतताना गर्दीत ती ताशी ५ ने आली. दिवसाची सरासरी किती? मनात पटकन येते १०, कारण १५ आणि ५ यांचा मध्य १० आहे. आता वेळ मोजा. जाताना १२ मिनिटे, येताना ३ ÷ ५ = ०.६ तास, म्हणजे ३६ मिनिटे. एकूण ६ किलोमीटर ४८ मिनिटांत, म्हणजे ०.८ तासात. ६ ÷ ०.८ = ताशी ७.५ किलोमीटर. बाई हळू रिक्षात तिप्पट वेळ बसल्या, म्हणून हळू चालीचे वजन जास्त पडले. दोन चालींची बेरीज करून निम्मे करणे तेव्हाच बरोबर ठरते, जेव्हा दोन्ही चालींना सारखाच वेळ मिळालेला असतो.

आता किलोमीटर आणि तास सोडून मीटर आणि सेकंदांकडे. गोखिवऱ्याच्या पूर्वेला मुंबई–अहमदाबाद महामार्ग आहे आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. या रस्त्यावरची गाडी ताशी ८० किलोमीटरने येत असेल तर ती एका सेकंदात किती पुढे येते? ८० किलोमीटर म्हणजे ८०,००० मीटर आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार केला की येतात सुमारे २२ मीटर. यातूनच सोपा नियम निघतो : ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की दर सेकंदाचे मीटर मिळतात, आणि दर सेकंदाच्या मीटरला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर. भागायचे की गुणायचे हे विसरलात तर एवढेच लक्षात ठेवा की दर सेकंदाचा आकडा नेहमी लहान असतो.

रस्ता ओलांडताना पादचारी नेमका हाच अंदाज मनात बांधत असतो, आणि तो बहुधा चुकतो. महामार्गाच्या एका बाजूला तीन मार्गिका, प्रत्येकी साडेतीन मीटर रुंद, म्हणजे १०.५ मीटर. नेहमीच्या चालीने माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. त्याला लागणारा वेळ १०.५ ÷ १.२, म्हणजे जवळजवळ ९ सेकंद. तेवढ्यात ताशी ८० ची गाडी जवळपास १९५ मीटर पुढे येते. लोकलचा एक डबा सुमारे २१ मीटरचा धरला तर नऊ डब्यांएवढे हे अंतर. डोळ्यांना ती गाडी ‘अजून लांब’ वाटते, कारण समोरून येणारी गाडी बराच वेळ तेवढीच लहान दिसते आणि मग एकदम मोठी होते.

इथे एककांची चूक केली तर काय होते ते पाहा. कोणी ८० ला थेट ९ सेकंदांनी गुणले तर उत्तर येते ७२०. पण ७२० काय? मीटर नाहीत, किलोमीटर तर नाहीतच, कारण ९ सेकंदांत ७२० किलोमीटर जाणारी गाडी रस्त्यावर नसते. आकड्यापुढे एकक लिहिण्याची सवय असेल तर ही चूक कागदावरच दिसते.

गाडीत बसलेल्याला चाल तपासायची असेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ३,६०० ला त्या आकड्याने भागायचे. ६० सेकंद लागले तर ताशी ६०, ४५ लागले तर ताशी ८०. मोजणाऱ्याने फक्त स्वतः गाडी चालवत नसावे.

पुन्हा रस्त्याच्या कडेला. हाच रस्ता एखाद्या आजी सेकंदाला ०.८ मीटरने ओलांडत असतील तर १०.५ ÷ ०.८ म्हणजे १३ सेकंद लागतात, आणि गाडी निदान २९० मीटर लांब असायला हवी. ती जर १०० ने येत असेल, तर ३६० मीटरहून अधिक. या आकड्यांत पहिले पाऊल टाकण्याआधीचा क्षणभराचा विचार धरलेला नाही. ताशी ८० च्या गाडीसाठी तो एक सेकंद म्हणजे आणखी २२ मीटर, लोकलचा एक पूर्ण डबा.