रिपोर्ट आला, पण कुठल्या दिवसाचा?

२ ऑक्टोबर २०२०, शुक्रवार. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या लोकांच्या त्या रात्री लक्षात आलं की गेल्या आठवडाभरातले १५,८४१ कोरोनाबाधित रोजच्या आकड्यांत आलेलेच नाहीत. प्रयोगशाळांनी निकाल पाठवले होते. रुग्णांनाही आपापला निकाल कळला होता. पण प्रयोगशाळांच्या फायली आपोआप उचलून एक्सेलच्या साच्यात भरायच्या आणि तिथून पुढच्या यंत्रणेकडे द्यायच्या, ही जी मधली पायरी होती तिथे गळती झाली. साचा एक्सेलच्या जुन्या, म्हणजे .xls प्रकारचा होता. त्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि एका रुग्णामागे कित्येक ओळी लागत होत्या. त्यामुळे एका साच्यात साधारण चौदाशे रुग्ण मावले आणि बाकीचे गळून गेले. या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला त्यामुळे उशीर झाला. संसर्गाच्या काळात असा उशीर किती महाग पडतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

या घटनेतली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट अशी, की रिपोर्ट रोज येत होता. तो बंद पडला असता तर दुसऱ्याच दिवशी फोन वाजले असते. आपोआप चालणारे रिपोर्ट दोन तऱ्हांनी बिघडतात. एक तर ते येत नाहीत, किंवा चुकीचे येतात आणि तरीही अगदी बरोबर दिसतात. दुसऱ्या तऱ्हेचा बिघाड पकडायचा तर रिपोर्ट प्रत्येक वेळी चालला की त्याची नोंद राहिली पाहिजे. संगणक विभागात तिला रन लॉग म्हणतात. बहुतेक ठिकाणी हा लॉग असतो, पण त्यात ‘सहा वाजता चालला, यशस्वी’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाने काहीच का कळत नाही, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, एक तालुका दूध संघ आहे आणि त्याला ४१२ गावांतल्या संस्था दूध घालतात. सकाळ-संध्याकाळच्या पाळीचं लिटर, फॅट, एसएनएफ हे सगळं संकलन केंद्रावरच्या यंत्रातून सर्व्हरवर जातं. रोज सकाळी सहा वाजता एक रिपोर्ट आपोआप निघतो : ‘काल’ कोणत्या संस्थेचं किती दूध आलं. हिशेब विभाग ती फाइल उघडतो आणि कालच्या तारखेला संस्थांच्या खात्यात दूध जमा करतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं. १४ जूनला कुणीतरी सांगतं, टँकरचं नियोजन लवकर करायचंय, रिपोर्ट पाचला येऊ दे. संगणकवाला वेळापत्रकातली वेळ बदलतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रिपोर्ट हजर. सगळे खूश.

पण सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर आहे. भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा तसंच असतं. ही वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात, म्हणजे दोन्हीकडे तारीख एकच आणि ‘काल’ही एकच. आपले पाच वाजतात तेव्हा मात्र तिथे आदल्या रात्रीचे साडेअकराच झालेले असतात. सर्व्हरच्या हिशेबाने अजून १४ तारीखच आहे, म्हणून त्याचा ‘काल’ म्हणजे १३ जून. तेव्हा १५ तारखेच्या सकाळी १३ तारखेचंच दूध पुन्हा येतं. त्यानंतरचा प्रत्येक दिवस एकेक दिवस मागे सरकतो.

आता बिलाकडे पाहा. ११ ते २० जूनच्या बिलात १३ तारीख दोनदा धरली गेली आणि २० तारीख राहिली. संघाच्या एकूण लिटरमध्ये फरक पडतो तो फक्त या दोन दिवसांच्या संकलनातला, आणि तो इतका किरकोळ असतो की वर बसून कुणाला शंका यायचं कारण नाही. फटका बसतो तो २० तारखेला जास्त दूध घातलेल्या संस्थेला. तिचा सचिव आपली वही घेऊन संघात येतो आणि म्हणतो, “साहेब, आमचं वीस तारखेचं दूध कमी लागलंय.” त्याला उत्तर मिळतं, “कम्प्युटरवर बरोबर दिसतंय.” त्या माणसाचं म्हणणं खरं आहे आणि ते सिद्ध करायची सोय कुणाकडेच नाही. रन लॉग लागतो तो अशा वेळी.

तो नीट ठेवला असता तर त्या दोन दिवसांच्या ओळी अशा दिसल्या असत्या :

```
run   started (IST)   data_date  rows_in  rows_out  litres  status
4411  14-06 06:00:02  13-06      412      412       38640   OK
4412  15-06 05:00:02  13-06      412      412       38640   OK
```

शेवटचा रकाना दोन्हीकडे सारखाच, ‘OK’. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते खरंही आहे, कारण त्याला सांगितलेलं काम त्याने विनातक्रार केलं. चूक दिसते ती data_date या रकान्यात. रिपोर्ट कधी चालला आणि कुठल्या दिवसाची माहिती त्याने घेतली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच लिहाव्या लागतात. प्रोग्रॅममध्ये ‘काल’ असं लिहिलेलं असलं तरी त्या दिवशी त्या शब्दाची प्रत्यक्ष कोणती तारीख निघाली, ती लॉगमध्ये उतरली पाहिजे. ती असेल तर सचिवाची तक्रार पाच मिनिटांत मिटते. नसेल तर आठवडाभर शोधाशोध होते आणि बहुधा सचिवच थकून परत जातो.

rows_in आणि rows_out हे रकाने इंग्लंडसारख्या बिघाडासाठी आहेत. मूळ ठिकाणाहून किती ओळी उचलल्या आणि फाइलमध्ये किती उतरल्या, हे दोन आकडे शेजारी असले की गळती त्याच दिवशी दिसते. मात्र दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मोजायला हवेत. पहिला मूळ साठ्यातून, दुसरा तयार झालेली फाइल पुन्हा उघडून. एकच आकडा दोन रकान्यांत छापला तर ती तपासणी राहत नाही. एकूण लिटरचा आकडा हा तिसरा पहारा. ओळी तेवढ्याच राहिल्या आणि लिटर अर्ध्यावर आले तर संध्याकाळची पाळी आलेली नाही, असा अंदाज लगेच बांधता येतो.

लॉग लिहिण्याच्या पद्धतीतही एक मेख आहे. पुष्कळ जण काम संपल्यावर एकच ओळ लिहितात. मध्येच वीज गेली, मेमरी संपली किंवा कुणी प्रोग्रॅम बंद केला तर ती ओळ लिहिली जातच नाही आणि रिपोर्ट सुरू झाला होता की नाही हेही कळत नाही. म्हणून सुरू होताना एक ओळ आणि संपताना दुसरी लिहावी. वर दाखवलेली ओळ या दोन्ही जोडून दिसणारी आहे. सुरुवातीची ओळ आहे पण शेवटची नाही, तर काम अर्ध्यात तुटलं. शिवाय लॉगचं लिखाण डेटाबेसच्या वेगळ्या जोडणीवरून व्हावं. मूळ काम चुकून डेटाबेसने सगळं मागे घेतलं, तर त्याच जोडणीवरची लॉगची ओळही पुसली जाते. नेमका हवा असलेला पुरावाच त्यात जातो.

दोन ओळींच्या पद्धतीचा लेखापरीक्षणाला मोठा उपयोग होतो. लिहिलेली ओळ पुन्हा बदलायची गरजच उरत नाही, त्यामुळे रिपोर्ट चालवणाऱ्या खात्याला फक्त भर घालण्याची आणि वाचण्याची परवानगी देता येते :

```
GRANT INSERT, SELECT ON report_run_log TO report_user;
```

बदलायची किंवा पुसायची परवानगी यात नाही. चुकलेला रिपोर्ट पुन्हा काढला तर त्याची नवी ओळ येते. कुणी काढला, का काढला आणि कोणत्या जुन्या ओळीच्या जागी काढला हे तिच्यात असतं. जुनी ओळ चुकीची असली तरी जागेवर राहते. प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती वापरली हेही लिहावं, आणि तयार फाइलचा SHA-256 हा ६४ अक्षरांचा ठसाही. फाइलमधला एक आकडा जरी नंतर कुणी हाताने बदलला तरी ठसा जुळत नाही. लेखापरीक्षकाच्या हातातली फाइल आणि त्या पहाटे निघालेली फाइल एकच आहे का, याचं उत्तर मग कुणाच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणं सक्तीचं झालं आहे. त्यामुळे काही जणांना वाटतं की हे काम आपोआप झालं. नोंद कुणी बदलली ते त्या मागातून कळतं. पण १५ जूनच्या रिपोर्टने कोणत्या तारखेची माहिती घेतली ते त्यातून कळत नाही, कारण आपल्या उदाहरणात मूळ नोंदी कुणी बदललेल्याच नाहीत.

लॉगची एक मर्यादा मात्र कितीही रकाने वाढवले तरी जात नाही. रिपोर्ट सुरूच झाला नाही तर लॉगमध्ये ओळच नसते, आणि नसलेली ओळ स्वतःहून कुणाला दिसत नाही. त्यासाठी दुसरा पहारेकरी लागतो, तोही दुसऱ्या यंत्रावर. आज कोणते रिपोर्ट निघायला हवे होते याची यादी त्याच्याकडे असते. सकाळी सव्वापाचला तो ती यादी लॉगशी ताडून पाहतो आणि सगळं ठीक असलं तरी एक निरोप पाठवतो. ज्या दिवशी निरोपच आला नाही, त्या दिवशी पहारेकरी स्वतः बंद आहे असं समजायचं.

लॉग किती दिवस ठेवायचा? सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पैशांशी जोडलेल्या रिपोर्टचा लॉग मात्र ते हिशेब ठेवायचे तेवढी वर्षं ठेवावा. जागेची अडचण नाही. रोजचे पन्नास रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या दोन ओळी धरल्या तरी वर्षाला ३६,५०० ओळी होतात, आणि त्या मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंएवढ्या जागेत मावतात. त्यात पासवर्ड, आधार क्रमांक, उत्पादकांचे बँक खातेक्रमांक यांतलं काहीही लिहू नये, कारण लॉग पुष्कळांच्या डोळ्यांखालून जातो.

तुमच्या संस्थेत, पतपेढीत किंवा कारखान्यात रोज पहाटे मेलवर एखादा रिपोर्ट येत असेल, तर तो सांभाळणाऱ्या माणसाला या आठवड्यात तीन गोष्टी विचारा : कालच्या रिपोर्टने कोणत्या तारखेची माहिती घेतली, किती ओळी उचलल्या आणि किती उतरवल्या. उत्तर तोंडी मिळालं तर ते तीन रकाने आधी सुरू करायला सांगा. बाकीचे नंतर वाढवता येतील.