कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलवर कंपनीची पोस्ट

कंपनीने तयार केलेली पोस्ट कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या लिंक्डइन, फेसबुक किंवा इन्स्टाग्राम खात्यावरून शेअर करावी, म्हणून ठरलेल्या वेळी त्यांना सूचना पाठवण्याची पद्धत आता रुळली आहे. जनसंपर्क विभागात या कामाला ‘एम्प्लॉयी ॲडव्होकसी’ म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र ॲप्सही मिळतात. सूचना मोबाइलवर येते. ती उघडली की फोटो आणि मजकूर तयार असतो, पण पोस्ट प्रसिद्ध करण्याचे बटण बहुधा कर्मचाऱ्यालाच दाबावे लागते.

हे काम पूर्णपणे आपोआप होत नाही, याचे एक कारण समाजमाध्यमांच्या नियमांत आहे. बाहेरच्या ॲपने वापरकर्त्याच्या वैयक्तिक प्रोफाइलवर परस्पर पोस्ट टाकण्याची सोय फेसबुकने ऑगस्ट 2018 मध्ये बंद केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्विटरने एकच मजकूर अनेक खात्यांवरून एकाच वेळी टाकण्यास मनाई केली. बनावट खात्यांच्या झुंडींना आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे मजकूर तयार ठेवून माणसाला आठवण करून देणे, हाच सुरक्षित मार्ग उरला.

एका काल्पनिक उदाहरणावरून ही पद्धत समजून घेता येईल. पुण्याजवळच्या एका यंत्रभागांच्या कारखान्याला तरुण अभियंत्यांची भरती करायची आहे. तीस कर्मचारी स्वखुशीने पोस्ट शेअर करायला तयार आहेत. विभागाने एकच मजकूर तिसांना पाठवला आणि सगळ्यांनी तो मंगळवारी अकरा वाजता टाकला, तर त्यांच्या सामाईक ओळखीच्या लोकांना तेच वाक्य ओळीने दहादा दिसेल. ते वाचणाऱ्याला शिफारस वाटत नाही, फतवा वाटतो. म्हणून मजकुराचे तीन-चार नमुने केले जातात. डिझाइन विभागासाठी यंत्राबद्दलचा, तर नव्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाच्या दिवसांबद्दलचा. पहिले वाक्य ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहावे, अशी सूचनाही सोबत असते.

सूचनेच्या वेळाही विभागल्या जातात. दहा जणांना मंगळवारी, दहा जणांना बुधवारी आणि उरलेल्यांना गुरुवारी. पहिल्या पाळीतल्या कामगाराला सूचना पाळी सुटल्यावर जाते, यंत्रावर असताना नाही. जर्मनीतल्या सहकाऱ्याला ती तिथल्या घड्याळाप्रमाणे जायला हवी. भारताशी असलेला फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो, म्हणून वेळ भारतीय प्रमाणवेळेत कायमची बांधून ठेवली की वर्षातून दोनदा चुकते. ज्याने शेअर केले नाही, त्याला दोन दिवसांनी एकदाच पुन्हा आठवण करावी. त्यापुढची आठवण तगादा ठरते आणि लोक ॲपच्या सूचनाच बंद करून टाकतात.

परिणाम मोजण्यासाठी प्रत्येक दुव्याला खूण जोडतात:

```
https://example.com/bharti?utm_source=linkedin&utm_medium=employee&utm_campaign=abhiyanta
```

यामुळे भरतीच्या पानावर आलेला माणूस कर्मचाऱ्याच्या पोस्टवरून आला, हे कळते. शेअर भरपूर आणि क्लिक नगण्य असतील, तर लोक साहेबांना दाखवण्यापुरते बटण दाबत आहेत, असा संशय घ्यायला जागा असते. सूचना उघडल्या जातात पण शेअर होत नाहीत, तेव्हा बहुधा मजकूर स्वतःच्या नावाने टाकण्याजोगा वाटत नसतो. अशा वेळी सूचना वाढवून उपयोग नाही, मजकूर बदलावा लागतो.

सगळ्यात मोठा धोका घड्याळावर विसंबण्यात आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने तिमाही निकालाची पोस्ट चार वाजता लावून ठेवली आणि संचालक मंडळाची बैठक लांबली, तर बाजाराला कळवण्याआधीच निकाल कर्मचाऱ्यांच्या हाती पडेल. अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती अशी फुटणे सेबीच्या 2015 च्या नियमांखाली गंभीर बाब आहे. अशी पोस्ट वेळेवर नव्हे, तर बाजाराकडे माहिती पोहोचल्याची खात्री करून माणसाने सोडावी. कारखान्यात अपघात झाला, तर त्या दिवशीच्या सगळ्या सूचना ताबडतोब थांबवणारी जबाबदार व्यक्तीही आधीच नेमलेली असावी.

दुसरी मर्यादा वाचकाशी प्रामाणिक राहण्याची. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या समाजमाध्यमविषयक नियमांत नोकरीचे नातेही उघड करण्याजोगे हितसंबंध मानले आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मते तर प्रोफाइलवर कंपनीचे नाव असणे पुरेसे नाही. उत्पादनाची स्तुती करणाऱ्या पोस्टमध्येच ‘मी इथे काम करतो’ हे दिसायला हवे, म्हणून ते वाक्य तयार मजकुरातच घातलेले बरे.

खाते मात्र कर्मचाऱ्याचे असते. त्याचा पासवर्ड मागू नये, शेअरची संख्या वार्षिक मूल्यमापनात धरू नये आणि सूचनेत ‘नको’ हा पर्याय कारण न विचारता द्यावा.